गिअरच्या जागी रेघा येतात की अक्षर लुकलुकतं? टीसीयू बदलण्याआधी करायची तपासणी

ऑटोमॅटिक गाडीच्या मीटरमध्ये P, R, N, D दाखवणारी एक छोटी जागा असते. एरवी तिच्याकडे लक्ष जात नाही. मग एके दिवशी तिथे D ऐवजी नुसत्या आडव्या रेघा दिसतात, किंवा D उघडझाप करायला लागतो, आणि गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, "टीसीयू गेलाय." टीसीयू म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर. काही जण त्याला टीसीएम म्हणतात, वस्तू एकच.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. "टीसीयू गेलाय" म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत टीसीयू धडधाकट निघाला, बिघाड त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या तारांमध्ये होता. कॉम्प्युटर खरोखर जातात, पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो. तिथपर्यंत कसं जायचं ते इथे सांगतो. सोबत गेल्या पावसाळ्यातली एक गाडी घेतो, कारण तिच्यात रेघा आणि लुकलुक अशी दोन्ही लक्षणं होती आणि दोन्हींची कारणं वेगळी निघाली.

चिपळूणचे एक शिक्षक कुंभार्ली घाट चढून कराडला माझ्याकडे आले होते. गाडी आठ वर्षांची, टॉर्क कन्व्हर्टरवाली सहा गिअरची सेडान. पावसाच्या सकाळी किल्ली फिरवली की गिअरच्या जागी दोन रेघा येत आणि सेल लागतच नसे. तासाभराने सगळं आपोआप ठीक. शिवाय कधीकधी स्पीडब्रेकरवरून गेलं की D लुकलुकायचा आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकल्यासारखी जड चालायची. आधीच्या गॅरेजने नव्या टीसीयूचा 82 हजारांचा अंदाज दिला होता.

रेघा वेगळ्या, लुकलुक वेगळी

मीटरमधलं अक्षर लिव्हरला थेट जोडलेलं नसतं. आपण लिव्हर सरकवतो, त्याची केबल गिअरबॉक्सवरचा एक स्विच फिरवते. त्याला रेंज स्विच म्हणतात, जुने मेकॅनिक इनहिबिटर स्विच म्हणतात. हा स्विच टीसीयूला सांगतो की लिव्हर अमुक जागी आहे. टीसीयू ते तपासतो आणि कॅन नावाच्या दोन तारांच्या जाळ्यावर संदेश सोडतो. मीटर तो संदेश ऐकून D काढतं. इंजिनचा कॉम्प्युटर, एबीएसचा कॉम्प्युटर आणि मीटर हे सगळे त्याच जाळ्यावर एकमेकांचं ऐकत असतात.

अक्षर लुकलुकतंय म्हणजे संदेश पोचतोय. टीसीयू जागा आहे, बोलतोय, आणि काहीतरी बिघडल्याचं सांगतोय. बिघाड सेन्सरचा असेल, तेलाची वाट उघडबंद करणाऱ्या सोलेनॉइडचा असेल, तेलाच्या दाबाचा किंवा क्लचचाही असेल, पण तो सांगणारा जिवंत आहे. रेघा दिसतात तेव्हा मीटरने वाट पाहिली आणि संदेश आलाच नाही, किंवा आला तो वापरण्याजोगा नव्हता. एका घरातला माणूस ओरडून सांगतोय की पोटात दुखतंय, दुसऱ्या घरात हाका मारूनही ओ येत नाही. पहिल्या घरात पोट तपासायचं. दुसऱ्या घरात आधी दार, मग वीज, मग फोनची तार बघायची, माणूस मेला असं थेट धरायचं नाही.

हा नियम बहुतेक वेळा लागू पडतो, पण गाडीगणिक थोडा फरक असतो. काही मॉडेलांत किल्ली फिरवल्यावर क्षणभर रेघ दिसणं नेहमीचंच असतं. रेंज स्विचने अशक्य संकेत दिला, म्हणजे एकाच वेळी N आणि D, तर काही गाड्यांत टीसीयू जिवंत असूनही रेघ येते. एएमटी गाड्यांत, म्हणजे साधाच गिअरबॉक्स पण क्लच आणि गिअर आपोआप बदलतात अशा गाड्यांत, ब्रेक न दाबता लिव्हर सरकवली, तर लिव्हर एका जागी आणि खरा गिअर दुसऱ्या जागी राहतो आणि अक्षर लुकलुकतं. तो बिघाड नसतो. लिव्हर N वर आणून ब्रेक दाबला की प्रश्न मिटतो. तिथेही वारंवार लुकलुकत असेल तर मागचे ब्रेक लाइट लागतात का ते आधी बघा. ब्रेकच्या पेडलचा स्विच खराब असेल तर ब्रेक दाबलाय हे टीसीयूला कळतच नाही. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये D चा दिवा लुकलुकणं ही गिअरबॉक्सच्या बिघाडाची ठरलेली खूण आहे. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या डीएसजी या ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये एकच अक्षर नाही, P पासून S पर्यंतची सगळी ओळ एकदम लुकलुकते. त्यामुळे आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्या खुणेचा अर्थ काय दिलाय, ते पान एकदा वाचा.

रस्त्यात असताना

लुकलुक चालत्या गाडीत सुरू झाली तर टीसीयू बहुधा गिअरबॉक्स वाचवण्यासाठी एका ठरावीक गिअरमध्ये अडकवतो. याला लिम्प मोड म्हणतात. गाडी उचल घेत नाही, पण हळूहळू चालते. अशा वेळी सपाट जागी बाजूला घ्या आणि घाट चढायला जाऊ नका. टॉर्क कन्व्हर्टर गरम होऊन तेल जळतं आणि लहान बिघाडाचा मोठा होतो.

रेघा दिसत असतील तर गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे मीटरवरून कळत नाही, म्हणून हँडब्रेक ओढल्याशिवाय खाली उतरू नका. एएमटीत P नसतो आणि गिअर सुटलेला असू शकतो, तिथे चाकाखाली दगड लावा. ड्युअल क्लचच्या गाडीत जळका वास आला तर पुढे चालवू नका.

थांबल्यावर किल्ली बंद करा, सगळी दारं लावून गाडी लॉक करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. सगळे कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ लागतो. मग पुन्हा चालू करा. गाडी नीट झाली तरी बिघाड गेला असं समजू नका, फॉल्ट कोड मेमरीत राहिलेला असतो आणि तोच पुढे उपयोगी पडतो. उचलून न्यायची वेळ आली तर चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड मागवा. इंजिन पुढची चाकं फिरवतं अशी ऑटोमॅटिक गाडी पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढली, तर बहुतेक गिअरबॉक्समध्ये इंजिन बंद असल्याने तेलाचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात.

रेघा किंवा लुकलुक दिसताक्षणी मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढा, लिव्हर कुठे आहे तेही त्यात येऊ द्या. पाऊस होता का, गाडी थंड होती की गरम, खड्डा लागला होता का, ते लिहून ठेवा. शिक्षकांनी वहीत तारखा लिहिल्या होत्या. रेघा फक्त ओल्या सकाळी आणि लुकलुक फक्त हादऱ्यानंतर, ही त्या वहीतली गोष्ट मला स्कॅनरइतकीच कामाला आली.

पहिली पायरी: बॅटरी

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीचं व्होल्टेज मोजा. 12.6 च्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे निम्मीच. मग मल्टिमीटर लावलेला ठेवून कोणाला तरी सेल मारायला सांगा. त्या क्षणी व्होल्टेज 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा तिची जोडणी कमजोर आहे. इंजिन चालू झाल्यावर साधारण 13.5 ते 14.7 दिसायला हवं.

सेल मारताना व्होल्टेज कोसळलं की टीसीयू एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्यापुरत्या रेघा येतात. म्हातारी बॅटरी असलेल्या गाडीत हे फार वेळा दिसतं. शिक्षकांच्या गाडीत बॅटरी 12.5 दाखवत होती, सेलच्या वेळी 10.4. म्हणजे बॅटरी ठीक होती.

दुसरी पायरी: कोड वाचा, पुसू नका

काहीही सोडवण्याआधी स्कॅनर लावा. बॅटरीची वायर काढली की काही गाड्यांत कोड आणि शिकलेल्या सवयी दोन्ही पुसल्या जातात.

बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर साध्या ॲपबरोबर बहुतेक वेळा फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरचे कोड दाखवतात. तिथे `P0700` दिसतो आणि लोक घाबरतात. `P0700` चा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगितलं, माझ्याकडे बिघाड नोंदलाय, दिवा लाव. काय बिघाड, ते टीसीयूच्या आत लिहिलेलं असतं आणि टीसीयूशी बोलू शकणारा स्कॅनरच ते वाचतो. `P0700` वरून कोणी टीसीयू बदलायला सांगत असेल तर त्याने आतली चिठ्ठी उघडलेलीच नाही.

आता बघायचं की स्कॅनर टीसीयूपर्यंत पोचतो का. पोचला, तर त्यातले कोड वाचा. `P0705` किंवा `P0706` म्हणजे रेंज स्विचची तक्रार, `P0715` आणि `P0720` म्हणजे वेग मोजणारे सेन्सर, `P0730` म्हणजे सांगितलेला गिअर आणि प्रत्यक्ष मिळालेलं प्रमाण जुळत नाही, `P0562` म्हणजे व्होल्टेज कमी पडलं. हे कोड टीसीयूने स्वतः लिहिलेले असतात, त्यामुळे ते दिसले की तो काम करतोय हे सिद्ध होतं.

पोचला नाही, तर बाकीच्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन बघा. इंजिन आणि एबीएस या दोघांमध्येही `U0101` असेल तर दोघंही म्हणतायत की टीसीयूचा आवाज ऐकू आला नाही. अशा वेळी टीसीयूची वीज, विजेच्या परतीची वायर म्हणजे अर्थ, किंवा त्याच्याकडे जाणारी कॅनची फांदी यांवर संशय. टीसीयू स्कॅनरशी नीट बोलतोय आणि फक्त मीटर रेघा दाखवतंय, तर मीटर किंवा मीटरकडची तार बघा.

शिक्षकांना विचारलं, "सर, कोड कोणी पुसलेत का?" म्हणाले, "दोनदा. पुसले की दोन दिवस बरी चालते." पुसल्यामुळे बरी चालत नव्हती, त्या दोन दिवसांत ऊन पडलं होतं. सुदैवाने येताना घाटात एकदा D लुकलुकला होता, त्यामुळे नवे कोड होते. इंजिन आणि एबीएसमध्ये `U0101`, टीसीयूमध्ये `P0562` आणि `P0706`.

`P0562` कडे नीट बघा. बॅटरी चांगली आहे आणि तरी टीसीयू म्हणतोय मला व्होल्टेज कमी मिळतं. म्हणजे बॅटरी आणि टीसीयू यांच्यामध्ये कुठेतरी वीज अडतेय. इथेच माझा 82 हजारांवरचा विश्वास उडाला.

तिसरी पायरी: फ्यूज आणि अर्थ

टीसीयूला सहसा दोन प्रकारची वीज जाते. एक कायमची, मेमरीसाठी, आणि दुसरी किल्ली फिरवल्यावर. दोन्हींचे फ्यूज वेगळे, कधी एक बॉनेटखाली आणि दुसरा डॅशबोर्डखाली. फ्यूज बाहेर काढून डोळ्यांनी बघणं पुरेसं नाही. किल्ली चालू ठेवून फ्यूजच्या पाठीवरच्या दोन्ही छोट्या टोकांना टेस्ट लॅम्प लावा. दोन्हीकडे दिवा लागायला हवा. फ्यूज चांगला असूनही त्याचं घर सैल झालेलं असू शकतं, म्हणून बोटाने हलवूनही बघा.

अर्थकडे मात्र कोणी बघत नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण तपासणीत सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यावा. वीज टीसीयूत येते तशी तिला परत बॅटरीच्या निगेटिव्हला जावं लागतं. तो परतीचा रस्ता गंजला की टीसीयू अर्धपोटी राहतो.

अर्थ ओहममध्ये मोजू नका. एका केसाएवढ्या धाग्यावर टिकलेली वायरही ओहममध्ये चांगलीच दिसते, कारण मल्टिमीटर तिच्यातून अगदी थोडा करंट पाठवतो. व्होल्टेज ड्रॉप मोजा, म्हणजे त्या परतीच्या वाटेत किती व्होल्ट अडकतात ते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या थिंबलवर नव्हे. किल्ली चालू, टीसीयूचा कनेक्टर जोडलेलाच. लाल टोक कनेक्टरच्या मागून टीसीयूच्या अर्थच्या वायरला लावा. त्यासाठी बारीक पिन वापरा, वायरचं इन्सुलेशन भोसकू नका, त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी शिरतं. अर्थची वायर कोणती ते त्या मॉडेलच्या वायरिंग डायग्राममध्ये बघायचं, रंगावरून अंदाज करायचा नाही. उत्तर 0.1 व्होल्टच्या आत यायला हवं. नंतर लाल टोक गिअरबॉक्सच्या धातूवर ठेवून सेल मारा. तिथे 0.3 च्या वर जात असेल तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी खराब आहे.

शिक्षकांच्या गाडीत टीसीयूच्या अर्थवर 0.9 व्होल्ट आले. मी डाव्या हाताने बॅटरीच्या ट्रेखालून जाणारा वायरचा जुडगा हळूच हलवला. आकडा चार व्होल्टपर्यंत उडाला, आणि आत बसलेले सर ओरडले, "आल्या! रेघा आल्या!" हात सोडला, D परत.

बॅटरी काढली, ट्रे काढला. खाली बॉडीला एक बोल्ट होता, त्यावर टीसीयूच्या दोन्ही अर्थ वायरी एकाच थिंबलमध्ये दाबून बसवलेल्या. वरून बघितलं तर थिंबल कसलेलं, घट्ट. पण त्यावर पांढरट हिरवा फुलोरा आला होता. मागच्या बॅटरीचं ॲसिड झिरपून खाली ठिबकत राहिलं होतं. थिंबल कापून आतली वायर उघडली तर तांब्याचे धागे काळे पडले होते आणि बोटाने चोळल्यावर भुगा होत होते. पावसाची हवा लागली की हाच सांधा सुटायचा आणि उन्हात वाळला की पुन्हा थोडा जोडला जायचा.

काळी वायर जिथपर्यंत होती तिथपर्यंत कापली, नवा तुकडा जोडला, दोन्ही वायरींना स्वतंत्र थिंबल दिलं, बॉडीचा रंग घासून उघडा धातू काढला, बोल्ट कसून वरून ग्रीस लावलं. ट्रेखालचं ॲसिड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं. पुन्हा मोजलं, 0.03 व्होल्ट. जुडगा हलवला, आकडा जागचा हलला नाही. रेघांचा प्रश्न इथे संपला.

चौथी पायरी: कॅनच्या तारा

अर्थ आणि वीज दोन्ही ठीक निघाली आणि तरी टीसीयू गप्प असेल तर कॅन मोजा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, काही मिनिटं थांबा. स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. 60 च्या आसपास यायला हवेत. जाळ्याच्या दोन टोकांना 120 ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात, म्हणून 60. जर 120 आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्यात.

60 आले म्हणजे टीसीयूची फांदी चांगली असं मात्र नाही. बऱ्याच गाड्यांत रेझिस्टर इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये आणि मीटरमध्ये असतात, टीसीयू मधल्या फांदीवर लटकलेला असतो. ती फांदी तुटली तरी सॉकेटला 60 च दिसतात. म्हणून त्याच दोन तारा टीसीयूच्या कनेक्टरवरही मोजाव्या लागतात. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतलं जाळं यांच्यामध्ये गेटवे नावाचा, संदेश पुढे पाठवणारा कॉम्प्युटर असतो, तिथे सॉकेटवरचा आकडा आतल्या जाळ्याबद्दल काहीच सांगत नाही.

पाचवी पायरी: कनेक्टर उघडून बघा

बॅटरी सुटलेली असतानाच टीसीयूचा कनेक्टर काढा. तीन गोष्टी शोधायच्या: हिरवा गंज, मागे सरकलेली पिन आणि तेल.

तेलाची गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही. गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या वायरींच्या सीलमधून तेल बाहेर आलं तर ते वायरच्या धाग्यांमधून वातीसारखं वर चढतं आणि दोन-तीन फूट लांब कोरड्या जागी ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या कनेक्टरमध्ये उतरतं. मर्सिडीजच्या 722.6 या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये 13 पिनांच्या कनेक्टरच्या सीलमधून असं तेल जातं हे जगभरच्या मेकॅनिकांना माहीत आहे. तिथे टीसीयूचा कनेक्टर तेलाने भरलेला सापडला तर तो साफ करून भागत नाही, खालचं सील बदलावं लागतं, नाहीतर काही महिन्यांत तेल परत वर येतं. आपल्याकडे दुसरा शत्रू पाणी. टीसीयू डॅशबोर्डखाली असेल तर काचेच्या खालच्या जाळीत पानं अडकून तुंबलेलं पाणी किंवा एसीचं तुंबलेलं पाणी त्याच्यावर ठिबकतं. पुढच्या पायाखालची मॅट उचलून हात लावून बघा, खालचं जाड कापड ओलं असेल तर शोध तिथूनच सुरू करा.

कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, वाळू द्या, परत लावा. सँडपेपर पिनांना लावू नका, त्यांच्यावरचा मुलामा जातो आणि गंज दुप्पट वेगाने येतो.

लुकलुक उरली असेल तर

आमच्या गाडीत रेघा गेल्या, `P0562` परत आला नाही. पण स्पीडब्रेकरवर D अजून लुकलुकत होता आणि `P0706` परत आला. ही दुसरी व्याधी. इथे टीसीयू जागा होता आणि तक्रार करत होता, म्हणून त्याचं ऐकायचं.

स्कॅनरच्या लाइव्ह डेटात रेंज स्विच काय दाखवतो ते लावून ठेवा. इंजिन बंद, किल्ली चालू, ब्रेक दाबलेला. लिव्हर P पासून खालपर्यंत अगदी हळू न्या आणि प्रत्येक जागी तिला हलकेच पुढेमागे ढकला. लिव्हर D च्या खाचेत असताना थोड्या धक्क्याने आकडा N आणि D मध्ये उड्या मारत असेल तर एकतर केबल सैल आहे किंवा स्विच झिजलाय. सरांच्या गाडीत नेमकं तेच होत होतं. गाडीखाली जाऊन बघितलं, केबलच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बुश फुटलं होतं, त्यामुळे लिव्हर D वर असताना स्विच D च्या कडेवरच थांबायचा. हादरा बसला की तो कडेवरून घसरे, टीसीयूला क्षणभर काहीच कळत नसे आणि तो लिम्प मोडमध्ये जाई.

नवं बुश टाकलं, लिव्हर N वर आणि स्विचवरची N ची खूण एका रेषेत आणून केबल कसली. पुन्हा लाइव्ह डेटा, पुन्हा धक्के. प्रत्येक जागी एकच अक्षर, स्थिर.

`P0730` किंवा सोलेनॉइडचे कोड आले असते तर रस्ता वेगळा होता. तिथे आधी गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी आणि रंग बघायचा, तीही त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला. तेल काळं आणि जळक्या वासाचं निघालं तर बिघाड गिअरबॉक्सच्या पोटात आहे, कॉम्प्युटर फक्त बातमी देतोय.

टीसीयूच गेला असं कधी म्हणायचं

दोन्ही वीज पोचतेय, अर्थचा ड्रॉप 0.1 च्या आत आहे, टीसीयूच्या कनेक्टरवर कॅन ठीक आहे, कनेक्टर स्वच्छ आहे आणि तरी टीसीयू स्कॅनरला ओ देत नाही. या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या तर टीसीयूवर संशय घ्यायचा. तेव्हाही एक शेवटची गोष्ट करा. टीसीयू सेन्सरना 5 व्होल्ट पुरवतो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर ते 5 व्होल्ट खाली ओढले जातात आणि काही गाड्यांत टीसीयूच गप्प होतो. एकेक सेन्सर काढून बघा. एक सेन्सर काढताच रेघांच्या जागी P आला तर दोषी तो सेन्सर.

दुसरी खूण म्हणजे टीसीयूने स्वतःच्या आतल्या बिघाडाचे कोड लिहिणं. `P0601`, `P0604`, `P0605` हे मेमरीचे आणि `P0613` प्रोसेसरचा. चांगल्या बॅटरीवर पुसल्यानंतर हे पुन्हा पुन्हा येत असतील तर टीसीयूवर बोट ठेवायला हरकत नाही. बिघाड फक्त गरम झाल्यावर येत असेल आणि थंड झाल्यावर जात असेल, तर आतल्या सोल्डरचे सांधे तडकलेले असू शकतात. असा टीसीयू उघडून दुरुस्त करणारे कारागीर असतात, नवा घेण्याआधी एकदा तिथे दाखवा.

बदलायचाच झाला तर जुन्या बाजारातला टीसीयू नुसता बसवून गाडी चालेल असं धरू नका. बऱ्याच गाड्यांत त्याला चेसिस नंबर आणि त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर द्यावं लागतं. एएमटी आणि ड्युअल क्लचमध्ये क्लच नेमका कुठे पकडतो हे त्याला नव्याने शिकवावं लागतं, नाहीतर उचलताना गाडी धक्के मारते. काही गिअरबॉक्समध्ये कॉम्प्युटर आत तेलातच बसवलेला असतो, तिथे खर्चात मजुरी आणि तेल दोन्ही धरा. बसवण्याआधी गॅरेजकडून हे चार आकडे कागदावर लिहून घ्या: बॅटरीचं व्होल्टेज, टीसीयूच्या अर्थचा ड्रॉप, टीसीयूच्या कनेक्टरवरचे ओहम आणि टीसीयूमधून वाचलेले कोड. आकडे नसतील तर टीसीयूची ऑर्डर देऊ नका. जुना बिघाड तसाच राहिला तर नव्या टीसीयूवरही पहिल्या पावसात त्याच रेघा येतात.

सर तीन आठवड्यांनी परत आले, पुन्हा मोजून घ्यायला. अर्थवर तेच 0.03 होतं, टीसीयूमध्ये एकही कोड नव्हता. वहीत त्यांनी सलग अकरा पावसाळी सकाळींच्या तारखा लिहिल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच अक्षर, P.